तीनशे गोण्यांचा हिशेब

आमच्या जळगावच्या सोसायटीत चोवीस फ्लॅट आहेत. त्यातल्या एकाचं काम सुरू झालं की उरलेल्या तेवीस घरांत चर्चा सुरू होते. मी सात वर्षं सेक्रेटरी होतो. त्या काळात पार्किंगच्या वादापेक्षा फरशीच्या कामावरून मला जास्त फोन आले. पहिल्या दोन वर्षांत आमच्याकडे नियम असा नव्हताच. ज्याचा आवाज मोठा, त्याचं काम रात्री आठपर्यंत चालायचं. पुढे आम्ही दोन पानांची नियमावली केली, तिच्यात बदल केले, काही कलमं चुकली म्हणून काढली. एका फ्लॅटचं काम अर्जापासून अनामत परत जाईपर्यंत कसं न्यायचं, ते त्या अनुभवावरून सांगतो.

उदाहरणाला मध्यमवर्गीय घरातलं नेहमीचं काम घेऊ. दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. हॉल, स्वयंपाकघर आणि दोन खोल्या मिळून सहाशे चौरस फूट जुनी फरशी काढून नवीन टाइल्स बसवायच्या. स्वयंपाकघर आणि हॉलमधली साडेचार इंची भिंत पाडायची. पाच बाय सातचं एक बाथरूम नव्याने करायचं. घरमालक म्हणतात, "भाऊ, किरकोळ काम आहे, पंधरा दिवसांत आटोपतं." ते किती किरकोळ आहे, ते पुढे बघू.

नियम कोणी करायचे

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींत फ्लॅटमध्ये भर घालण्याबद्दल किंवा फेरफार करण्याबद्दल तरतूद आहे. समितीच्या लेखी परवानगीशिवाय असं काम करता येत नाही आणि अर्ज सेक्रेटरीकडे पूर्ण तपशिलासह द्यावा लागतो. इतर सभासदांना उपद्रव होईल असं काही करू नये, हेही उपविधींत आहे. पण हातोडा किती वाजेपर्यंत चालवायचा, गोण्या कुठे ठेवायच्या, अनामत किती घ्यायची, हे उपविधी सांगत नाहीत. ते संस्थेने सर्वसाधारण सभेत ठरवायचं असतं.

समितीने परस्पर फलकावर "उद्यापासून पंचवीस हजार डिपॉझिट" असं लिहिलं, तर पहिला चिडलेला सभासद सहायक निबंधकांकडे जातो आणि तिथे समितीकडे दाखवायला कागद नसतो. त्यामुळे विषय सभेच्या नोटिशीत स्पष्ट शब्दांत घ्या. विशेष सभेला पूर्ण पाच दिवसांची आणि वार्षिक सभेला चौदा दिवसांची नोटीस लागते. "ऐनवेळचे विषय" या सदरात हा विषय उरकू नका. आमच्या ठरावाचा मसुदा साधारण असा होता:

"सभासदांनी फ्लॅटमध्ये करावयाच्या दुरुस्ती व नूतनीकरणाच्या कामांसाठी सोबतची नियमावली मंजूर करण्यात येत आहे. तोडफोडीच्या कामासाठी रु. 15,000 परतफेडीची बिनव्याजी अनामत घेण्यात यावी. ती संस्थेच्या बँक खात्यात जमा करून ताळेबंदात देणे म्हणून दाखवावी. काम पूर्ण झाल्याची पाहणी झाल्यावर पंधरा दिवसांत, पावत्यांसह झालेला खर्च वजा करून, ती परत करावी."

त्याखाली सूचक आणि अनुमोदकाची नावं. अनामत उत्पन्नात दाखवली की लेखापरीक्षणात प्रश्न येतो. शिवाय सभासदालाही वाटतं की सोसायटीने पैसे गिळले.

खान्देशात आणखी एक अडचण असते. जळगाव आणि धुळ्यातल्या अनेक इमारती सहकारी संस्था नाहीत. त्या 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली, घोषणापत्र नोंदवून झालेल्या असतात. काही ठिकाणी तर बिल्डरने काहीच करून दिलेलं नसतं. चार-पाच ज्येष्ठ मंडळी मेंटेनन्स गोळा करतात आणि लोक त्यांनाच "सोसायटी" म्हणतात. आपली इमारत कुठल्या प्रकारची आहे ते आधी खरेदीखत बघून ठरवा. अपार्टमेंट कायद्यात इमारतीच्या मजबुतीला धोका होईल असं काम इतर सर्व मालकांच्या संमतीशिवाय करायला मनाई आहे, म्हणजे एका अर्थाने तो कायदा जास्त कडक आहे. काहीच नोंदणी नसेल, तर सगळ्या घरमालकांच्या सह्यांचा एक करारनामा करून घ्यावा. त्याशिवाय अनामत मागण्याला आधार राहत नाही.

अर्जात नेमकं काय विचारायचं

"फ्लॅटचे रिनोव्हेशन करावयाचे आहे, परवानगी मिळावी" एवढ्या एका ओळीच्या अर्जावर कधीही सही करू नये. त्या ओळीत रंगकामही बसतं आणि खांब कापणंही बसतं. आमचा अर्ज चार गोष्टी विचारायचा. काय तोडणार, काय नवीन बसवणार, बाथरूम किंवा संडासची जमीन उघडणार का आणि मिस्तरी कोण. सोबत हाताने काढलेला का होईना, पण घराचा नकाशा, आणि त्यावर पाडायची भिंत लाल पेनने दाखवलेली.

रंग, फर्निचर, वायरिंग, नळ बदलणं या कामांसाठी आम्ही फक्त लेखी सूचना घ्यायचो. अनामत नाही, समितीची बैठकही नाही. प्रत्येक खिळ्यासाठी परवानगी मागितली की लोक कशासाठीच मागत नाहीत.

भिंतीचा विषय आला की मात्र थांबायचं. 25 जुलै 2017 रोजी मुंबईत घाटकोपरला साईदर्शन ही चार मजली इमारत कोसळली आणि 17 माणसं गेली. तळमजल्यावर फेरफाराचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. आपल्याकडे धोका वेगळ्या रूपात येतो. जुन्या दोन-तीन मजली अपार्टमेंटपैकी काही इमारतींत खांब-तुळयांचा सांगाडाच नसतो. स्लॅबचं वजन विटांच्या भिंतींवरच असतं. भिंत नऊ इंची किंवा त्याहून जाड असेल, वरच्या आणि खालच्या मजल्यावर तिथेच तशीच भिंत असेल आणि तिच्यावर तुळई दिसत नसेल, तर ती भार घेणारी आहे असं धरून चाला. मिस्तरी म्हणतो, "साहेब, काही नाही होत, गर्डर टाकून देऊ." त्याच्या शब्दावर परवानगी देऊ नका. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागेवर येऊन पाहिल्याचं पत्र मागा. साडेचार इंची भिंतीलाही पत्र मागितलं तर चुकत नाही, त्याचा खर्च सभासदाचा. एसीच्या पाइपसाठी तुळईला भोक पाडणं आणि वायरिंगसाठी खांबात झिरी मारणं यांना आमच्याकडे सरसकट मनाई होती. उन्हाळ्याच्या तोंडावर एसी बसवायला येणारी मुलं हे सर्रास करतात, आणि ते घरमालकाच्या लक्षातही येत नाही.

सोसायटीची परवानगी आणि महापालिकेची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फरशी, गिलावा, रंग अशा दुरुस्तीला पालिकेकडे जावं लागत नाही. पण बाल्कनी खोलीत घेणं, गच्चीवर शेड टाकणं, इमारतीच्या सांगाड्यात बदल करणं यांसाठी जावं लागतं. समितीने "आमची हरकत नाही" लिहून दिलं म्हणून असं बांधकाम कायदेशीर होत नाही. परवानगीच्या पत्रात तसं एक वाक्य टाकून ठेवावं.

शेजाऱ्यांची ना-हरकत मागावी का, यावर आमच्याकडे दोन सभा झाल्या. माझं मत असं की मागू नये. खालच्या मजल्यावरच्या घराला लेखी कळवणं बंधनकारक असावं, पण नकाराचा अधिकार देऊ नये. जुनं भांडण असलेला शेजारी तो अधिकार फरशीसाठी वापरत नाही, जुना हिशेब चुकता करण्यासाठी वापरतो.

परवानगी देण्याआधीची शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि पुढे तीच नडते. काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी घरमालक, खालच्या घरातलं कोणीतरी आणि समितीचा एक माणूस यांनी मिळून खालच्या बाथरूमचं छत, जिना, लॉबी आणि लिफ्ट बघायची आणि मोबाइलवर फोटो काढायचे. आमच्याकडे एका कामानंतर खालच्या काकूंनी छतावरचा डाग दाखवला. वरचे आबा म्हणाले, "हा डाग आधीचाच आहे." दोघंही प्रामाणिक होते आणि दोघांकडेही पुरावा नव्हता. तो वाद आठ महिने चालला. दहा फोटो असते तर दहा मिनिटांत मिटला असता.

वेळ

कायद्याचं बंधन सोपं आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवता येत नाहीत, असं 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. पण सोसायटीला त्यावर भागवता येत नाही. रात्री पावणेदहाला ब्रेकर लावणारा माणूस कायद्याने बरोबर असेल, तरी वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ झोपत नाही.

पुण्या-मुंबईची नियमावली उतरवून घेतली तर तिच्यात दहा ते सहा अशी वेळ असते. ती आपल्याकडे मे महिन्यात चालत नाही. पारा 44-45 अंशांवर गेल्यावर दुपारी एक ते चार हा जळगाव-धुळ्यात झोपेचा वेळ असतो. खिडक्या बंद, कूलर चालू, म्हातारी माणसं आडवी झालेली. मजुरालाही त्या वेळी दुसऱ्या मजल्यावरून गोण्या उतरवायला लावणं बरं नाही. म्हणून आम्ही दोन वेळापत्रकं केली. मार्च ते जून सकाळी आठ ते एक आणि दुपारी चार ते सात. बाकीच्या महिन्यांत सकाळी नऊ ते सहा, मध्ये दीड ते तीन शांतता. या वेळेत टाइल्स बसवणं, गिलावा, सुतारकाम चालेल. ब्रेकर, हॅमर आणि कटर यांना त्यातही वेगळी मर्यादा. उन्हाळ्यात साडेनऊ ते साडेबारा, इतर वेळी दहा ते एक आणि तीन ते पाच. रविवारी तोडफोड नाही.

ब्रेकर किती दिवस चालणार, तेही अर्जात लिहून घ्या. सहाशे फूट फरशी आणि एक भिंत यांची तोडफोड दोन माणसं पाच-सहा दिवसांत करतात. ते सहा दिवस कुठले, हे फलकावर आधी लागलं की लोक सहन करतात. ज्याला बाळंतीण घरी आणायची असते, तो आधीच येऊन सांगतो आणि तारखा पुढेमागे होतात.

दहावी-बारावीच्या लेखी परीक्षांचे दिवस आम्ही तोडफोडीतून वगळले, तसेच वसुबारस ते भाऊबीज. कानबाई बसते तो श्रावणातला रविवार आणि विसर्जनाचा सोमवार एका सभासदाने सुचवला, आणि सगळ्यांनी हात वर केले. खरी गर्दी होते ती आखाजीच्या आधी. लेकी माहेरी येणार, त्याआधी घर झालं पाहिजे, म्हणून मार्चमध्ये तीन-तीन अर्ज येतात. एका वेळी एकाच जिन्यावर दोन तोडफोडी नकोत, एवढा एक नियम तेव्हा पुरतो. अर्जाच्या तारखेप्रमाणे नंबर लावायचा.

मलबा

आता त्या किरकोळ कामाचा हिशेब. फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून जाडी साधारण अडीच इंच. सहाशे चौरस फुटांचे झाले 125 घनफूट. गिलाव्यासह साडेपाच इंच जाडीची, दहा फूट लांब आणि नऊ फूट उंच भिंत म्हणजे 41 घनफूट. बाथरूमच्या भिंतीवरच्या टाइल्स आणि जमिनीचा वरचा थर धरून 28. एकूण 194 घनफूट, वजन साडेदहा टनांच्या आसपास. फोडल्यावर माल फुगतो, दीडपटीच्या जवळ जातो, म्हणजे पावणेतीन ब्रास. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत मजूर पस्तीस किलोच भरतो, कारण त्याला ती खांद्यावरून न्यायची असते. गोण्या होतात तीनशे.

या तीनशे गोण्या घरात साठू देऊ नयेत, यामागचं कारण स्वच्छता नाही. घराचा स्लॅब डिझाइन करताना माणसं, सामान वगैरेंचा भार दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो धरतात. फुटक्या मलब्याचा सहा इंच उंचीचा थर टाकला की तेवढंच वजन होतं. म्हणजे हॉलच्या मध्यभागी कमरेएवढा ढीग लावला, तर त्या जागी स्लॅबवर हिशेबाच्या पाच-सहा पट भार येतो. मजूर ढीग मध्यभागीच लावतात, कारण तिथे चारही बाजूंनी फावडं चालतं. आमचा नियम असा होता की मलबा त्याच दिवशी गोण्यांत भरायचा, गोण्या भिंतीकडेने एकाच थरात ठेवायच्या, गोणीवर गोणी नाही, आणि रोजच्या गोण्या रोज खाली. दिवसाला पन्नास गोण्या निघाल्या तर सहा दिवसांत घर मोकळं होतं.

खाली आल्यावरही जागा बघून ठेवा. अनेक इमारतींत पार्किंगखाली पाण्याची टाकी असते आणि तिचा स्लॅब गोण्यांसाठी केलेला नसतो. टाकीच्या झाकणापासून दूर, कोणाची गाडी अडणार नाही अशी दहा बाय दहाची जागा खडूने आखून द्यायची. तिथे मलबा जास्तीत जास्त अट्ठेचाळीस तास राहील. शंभर गोण्या साठल्या की ट्रॅक्टरची ट्रॉली बोलवायची. एक ब्रासची ट्रॉली असेल तर अशा कामाला तीन फेऱ्या लागतात.

लिफ्टने मलबा उतरवू द्यावा की नाही, यावर मत एकच असू शकतं, पण सभेत ते कधीच एक होत नाही. सहा माणसांच्या लिफ्टवर 408 किलो लिहिलेलं असतं. एक मजूर आणि नऊ गोण्या झाल्या की ती भरली. तीनशे गोण्यांना चौतीस फेऱ्या लागतील. वजन तरी लिफ्ट सोसते. बिघडतं ते दाराच्या खाचेत वाळू आणि विटांचे कण बसल्याने. दार अर्धवट बंद होतं, पुन्हा उघडतं आणि चौथ्या मजल्यावरचे गुडघेदुखीचे आजोबा अडकून पडतात. आम्ही मलब्याला लिफ्ट पूर्ण बंद केली. टाइल्सच्या बंद पेट्यांना सकाळी अकरा ते एक परवानगी दिली, तीही आतून प्लायवूड लावून. दुसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरवण्याची मजुरी वाढते, पण ती काम काढणाऱ्याने द्यायची.

मलबा शेवटी जातो कुठे, हे विचारायला लोक विसरतात. घंटागाडी तो घेत नाही. बांधकामाचा राडारोडा वेगळा ठेवण्याची आणि तो रस्त्यावर किंवा गटारात न टाकण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर आहे, असं केंद्राचे नियम सांगतात. जागा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात विचारून अर्जावर लिहून घ्या, आणि ट्रॉली तिथे खाली झाल्याचा फोटो मागा. ट्रॉलीवाल्यावर सोडलं तर माल रात्री नाल्यात किंवा नदीपात्रात जातो. एक चांगली सोयही आहे. आपल्याकडे काळी माती, त्यामुळे नवीन घर बांधणाऱ्यांना भरावाला विटांचे तुकडे हवेच असतात. विटा आणि मसाल्याचा मलबा वेगळा भरला, त्यात पीओपी, प्लास्टिक आणि लाकूड मिसळलं नाही, तर तो उचलायला माणूस स्वतःहून येतो. आमच्या दोन सभासदांना तर एका ट्रॉलीचं भाडंही पडलं नाही.

या सगळ्यातून सुटण्याचा एक मार्ग परवानगी देताना सभासदाला जरूर सांगा. जुनी फरशी घट्ट असेल तर ती काढायची गरजच नाही. नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला नाही तर तिच्यावरच टाइल्स चिकटवायच्या ॲडहेसिव्हने नवीन बसवता येतात. भार दर चौरस मीटरला तीसेक किलोने वाढतो, दारं खालून कापावी लागतात, आणि एकही दिवस ब्रेकर लागत नाही. पण हेच काम जुन्या पद्धतीने, जुन्या फरशीवर दोन इंच सिमेंट-वाळू टाकून केलं तर भार सव्वाशे किलोच्या जवळ जातो. त्याला आमच्याकडे परवानगी नव्हती.

पाणी आणि वीज

जळगावात नळाला पाणी दिवसाआड येतं, कधी त्याहूनही उशिरा. धुळ्यात आठ-आठ दिवस वाट बघण्याची वेळ लोकांवर आली आहे. अशा गावांत सोसायटीच्या टाकीतून गिलाव्याला पाणी मारणं म्हणजे तेवीस घरांच्या पिण्याच्या पाण्यातून ते मारणं. बोअर असेल तर त्याचा नळ कामासाठी ठरवून द्या, नसेल तर सभासदाने टँकर मागवून स्वतःचे ड्रम भरावेत. वीज फ्लॅटच्या मीटरवरूनच. जिन्यातल्या सॉकेटला लावलेला ब्रेकर मी तीनदा पकडला आहे, तिन्ही वेळा मिस्तरी म्हणाला, "आत पॉइंट नव्हता साहेब."

बाथरूमची परीक्षा

बहुतेक भांडणं काम संपल्यावर दोन महिन्यांनी सुरू होतात, आणि ती बाथरूमच्या जमिनीतून येतात. जमिनीखालचा स्लॅब खाली दाबलेला असतो. त्यावर वॉटरप्रूफिंग, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, मग फरशी. फक्त टाइल्स बदलतो म्हणणारा मिस्तरी ब्रेकर चालवतो आणि तो खालच्या थराला तडा देतो. त्यामुळे जमीन उघडली तर वॉटरप्रूफिंग पूर्ण नवीन करायचं, अर्धवट जोड चालणार नाही, हे परवानगीतच लिहा.

नवीन थर वाळला की कोबा टाकण्यापूर्वी नहाणी ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करायचं आणि चार इंच पाणी भरायचं. पाच बाय सातच्या बाथरूमला तीनशे-साडेतीनशे लिटर लागतं. पेन्सिलने भिंतीवर पातळीची खूण करायची आणि अट्ठेचाळीस तास थांबायचं. मे महिन्यात पातळी उन्हानेच उतरते आणि मिस्तरी म्हणतो, "वाफ झाली." यावर सोपा उपाय आहे. त्याच बाथरूममध्ये पाण्याने भरलेली बादली ठेवा आणि तिच्यातही खूण करा. बादलीतलं पाणी जेवढं उतरलं, तेवढंच जमिनीवरचं उतरलं तर वाफ. जमिनीवरचं जास्त उतरलं तर गळती. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी खालच्या घरात जाऊन छताला हात लावून बघा, विशेषतः पाइप जिथून खाली येतो तिथे. फरशी बसल्यावर ही परीक्षा पुन्हा करा. दोन्ही वेळा खालच्या घराची सही घ्या.

तरीही पुढे गळती झाली तर? संडास, बाथरूम, सिंक यांतून होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटधारकांनी करायचा, असं आदर्श उपविधींत आहे. पावसाचं पाणी, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांची गळती संस्थेकडे. म्हणून अनामत गळतीच्या भीतीने वर्षभर अडकवून ठेवू नये. त्याऐवजी सभासदाकडून एक हमीपत्र घ्या की या बाथरूममधून गळती झाल्यास दुरुस्ती मी माझ्या खर्चाने करून देईन.

अनामत परत करताना

पंधरा हजार हा आकडा आम्ही हवेतून काढला नाही. सभासद मलबा तसाच टाकून निघून गेला, तर तो उचलायला काय लागेल, अधिक लॉबीची एखादी फरशी, लिफ्टचं दार, जिन्याचा रंग यांच्या दुरुस्तीला काय लागेल, याचा अंदाज करून तो ठरला. तुमच्या इमारतीत लिफ्ट नसेल तर तो कमी असायला हवा. आकडा सगळ्यांना सारखा असावा. अध्यक्षांच्या मेहुण्यालाही तोच.

आपल्या उदाहरणातलं काम संपल्यावर समजा असं आढळलं की शेवटच्या तीस गोण्या पाच दिवस पार्किंगमध्ये पडून होत्या. लेखी सांगूनही हलल्या नाहीत, म्हणून सोसायटीने छोटा हत्ती बोलावला. भाडं आणि मजुरी मिळून 1,200 रुपये. जिन्यातला दिवा फुटला, तो 350 चा. दोन्ही पावत्या जोडून 13,450 रुपये बँकेतून परत. पाहणीच्या कागदावर दोघांच्या सह्या आणि आधीचे-नंतरचे फोटो. विषय संपला.

याच कामात एकदा रात्री आठला ब्रेकर चालला, म्हणून अनामतीतून हजार रुपये "दंड" कापायचा, असं समितीत कोणीतरी म्हणतंच. तसं करू नका. अनामत झालेल्या खर्चासाठी आहे. दंडाची वाट वेगळी. कुठल्या भंगाला किती दंड, हे सर्वसाधारण सभेने आधी ठरवलेलं असावं लागतं. मग लेखी सूचना, पुन्हा तसंच झालं तर कारणे दाखवा नोटीस, त्याचं म्हणणं ऐकणं आणि मग वसुली. आदर्श उपविधींत त्याला वर्षाला 5,000 रुपयांची मर्यादा आहे. हे दोन्ही मिसळलं की सभासद संपूर्ण अनामतीचा हिशेबच नाकारतो आणि त्याचं बरोबरही असतं.

परवानगी न घेताच कोणी सुरुवात केली तर पाणी तोडणं, मजुरांना गेटवर अडवून धक्काबुक्की करणं हे अधिकार समितीला नाहीत. त्याच दिवशी काम थांबवण्याचं लेखी पत्र द्या, दारावर लावा, फोटो काढा. खांब-तुळईला किंवा बाहेरच्या बांधकामाला हात लागला असेल तर त्याच दिवशी महापालिकेच्या नगररचना विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या. सभासद ऐकतच नसेल तर सहकार न्यायालयात दावा करता येतो. माझ्या सात वर्षांत तिथपर्यंत एकच प्रकरण जाता जाता राहिलं. पत्र मिळाल्यावर ते गृहस्थ संध्याकाळी वर आले, म्हणाले, "मला वाटलं, परवानगी फक्त भिंत पाडायला लागते." मी त्यांना अर्ज दिला. तो त्यांनी तिथेच बसून भरला आणि चौथ्या रकान्यापाशी अडले. मिस्तरीचं नाव त्यांनाच माहीत नव्हतं.